गॅदरिंगचं स्वागत तुमच्या गळ्यात पडलंय? पहिली दोन मिनिटं अशी बोला

डिसेंबर लागला की आमच्या सांगलीकडं शाळाशाळांत एकच गडबड असते, गॅदरिंग. डान्स कोण बसवणार, ड्रेपरीवाल्याकडं खेटे कोण घालणार, मांडववाल्याशी कोण भांडणार हे सगळं ठरलेलं असतं, फक्त स्वागत कुणी करायचं ते आदल्या दिवशी ठरतं, "मॅडम तुम्हीच बोला की दोन शब्द" असं म्हणून. तर त्या दोन शब्दांची सुरुवात कशी करायची, म्हणजे स्टेजवरचे पाहुणे, खुर्चीवरचे आजोबा, मागं उभे राहिलेले पालक आणि पुढं सतरंजीवर बसलेली पोरं या सगळ्यांना आपल्याशीच बोलतायत असं वाटेल, एवढंच इथं सांगते. बाकीचं भाषण जमतं हो, अडतं ते सुरुवातीलाच.

आधी एक बघा, तुमच्याकडं स्वागत आहे की प्रास्ताविक. बऱ्याच शाळांत दोन्ही एकाच माणसावर ढकलतात आणि मग स्वागत करणारा पटसंख्या, स्कॉलरशिपचा निकाल, नवीन स्वच्छतागृह सगळं सांगत बसतो. ते मुख्याध्यापकांच्या प्रास्ताविकात किंवा अहवालवाचनात येऊ दे. स्वागतात फक्त कोण आलंय आणि आज त्यांना काय बघायला मिळणार एवढंच. माईकवर सावकाश बोललं की मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे दोन मिनिटांचा मजकूर वहीच्या एका पानात बसतो. दुसरं पान उलटावं लागलं तर समजा जास्त झालंय.

मग कार्यक्रमपत्रिका हातात घ्या आणि आपला नंबर कुठं आहे ते बघा. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत झाल्यावर तुमचं बोलणं येतं, पण अध्यक्षस्थानाची सूचना आणि अनुमोदन त्याच्या आधी आहे की नंतर हे विचारून ठेवा. नंतर असेल तर अध्यक्षांना तुम्ही अजून नुसतं "अध्यक्ष" म्हणायचं नाही, "नियोजित अध्यक्ष" म्हणायचं. बारीक गोष्ट आहे, पोरांना काही फरक पडत नाही, पण पुढच्या ओळीत बसलेल्या रिटायर्ड गुरुजींना नक्की पडतो.

आता नावं. खरी गोम इथंच आहे. यादी मुख्याध्यापकांकडूनच घ्यायची, व्हॉट्सअपवरच्या निमंत्रणावरून उतरवायची नाही, कारण निमंत्रण छापल्यावर पण माणसं वाढतात. सगळं गाव ज्यांना आबा नाहीतर अण्णा म्हणतं त्यांचं कागदावरचं नाव विचारून घ्या, आडनावासकट, आणि पद आजचं आहे का ते बघा, कारण "माजी" हा शब्द लागायला हवा तिथं राहिला तरी पंचाईत आणि उगाच लागला तर त्याहून मोठी पंचाईत. क्रम साधारण असा असतो: आधी अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी आले असतील तर ते, आणि शेवटी आपल्या घरचे म्हणजे मुख्याध्यापक. संस्थेची शाळा असेल तर संस्थेचे पदाधिकारी प्रमुख पाहुण्यांनंतर येतात. ज्या त्या शाळेची थोडी वेगळी पद्धत असते म्हणून एकदा मुख्याध्यापकांना क्रम वाचून दाखवायचा.

नावं किती घ्यायची? माझं मत स्पष्ट आहे, स्टेजवर खुर्ची आहे त्यांचीच. पाच, फार तर सहा. खाली बसलेल्या एका सदस्याचं नाव घेतलं की बाकीचे आठजण आपलं कधी येतंय म्हणून वाट बघतात आणि मग राहिलेल्याची नाराजी पुढच्या गॅदरिंगपर्यंत चालते. खाली बसलेल्यांना गटानं हाक मारा, "ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य", "शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य", कुणी सुटत नाही. आणि प्रत्येकाला "आदरणीय, सन्माननीय, थोर समाजसेवक, शिक्षणप्रेमी" अशी माळ लावू नका. एक "माननीय" पुरे, सगळ्यांना सारखं. एकाला तीन विशेषणं आणि दुसऱ्याला एकच झालं तर ते मोजणारे लोक असतात.

चालू भाषणात कुणीतरी चिठ्ठी आणून देतंच, अमुक साहेब आले म्हणून. तेव्हा वाक्य अर्धवट तोडायचं नाही आणि यादी परत पहिल्यापासून सुरू करायची नाही. चालू वाक्य पूर्ण करा, थांबा, "आत्ताच आपल्यात अमुक साहेब आलेत, त्यांचंही मनापासून स्वागत" म्हणा आणि पुढं चला.

यानंतरचं काम बरेच जण करतच नाहीत, ते म्हणजे संध्याकाळी मांडवात एक चक्कर मारून कोण कुठं बसलंय ते डोळ्यांनी बघणं. पलूस-तासगाव भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं चित्र धरू. पुढं सतरंजीवर पहिली ते चौथीची पोरं, निम्मी मेकअप करून, मिशा काढून. त्यांच्या मागं खुर्च्यांवर आजी-आजोबा, बाजूला बायका, कडेवर बाळं. एकदम मागं, मोटारसायकली लावून उभे असलेले बाप लोक, द्राक्षबागेतनं नाहीतर उसाच्या फडातनं थेट आलेले. आणि जिन्यापाशी माजी विद्यार्थी, शिट्ट्या मारायला तयार. "उपस्थित सर्व पालक बंधू-भगिनींनो" म्हटलं की यातलं एकही माणूस मान वर करत नाही. त्याऐवजी ते जिथं आहेत तिथं हाक मारा. आजीला "ज्येष्ठ नागरिक" म्हणू नका हो, आजी-आजोबाच म्हणा, त्यांचं नातं नातवंडाशी आहे, रेशनकार्डाशी नाही.

दोन गट हमखास राहतात. एक, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी आणि शिपाईमामा. त्यांचं नाव निघालं की सतरंजीवरनं जी टाळी येते ती प्रमुख पाहुण्यांनाही येत नाही, करून बघा. दुसरा, ऊसतोडीच्या हंगामापुरती आपल्या शाळेत आलेली मुलं आणि त्यांचे आईवडील. पण त्यांना माईकवरनं "ऊसतोड मजूर" म्हणून वेगळं काढायचं नाही, "यंदा बाहेरगावाहून आपल्या शाळेत आलेली मुलं आणि त्यांचे आईवडील" एवढंच म्हणायचं, ज्यांना कळायचं त्यांना कळतं.

आता नमस्कारानंतरचं पहिलं खरं वाक्य. सुविचार नको, चारोळी पण नको, इंटरनेटवरच्या त्याच चार ओळी शेजारच्या शाळेतही झालेल्या असतात. आपल्या मातीतली एक खरी गोष्ट घ्या आणि तिचं टोक आजच्या स्टेजला जोडा. सांगलीत तर गोष्ट तयारच आहे: १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीता स्वयंवर नाटक केलं आणि तिथनं मराठी रंगभूमी सुरू झाली असं आपण मानतो. आजोबांना ही गोष्ट आवडते, पण दुसरीतल्या पोराला १८४३ म्हणजे काय कळणार, म्हणून लगेच पुढचं वाक्य त्याच्यासाठी पाहिजे. साताऱ्यात असाल तर ७ नोव्हेंबर १९०० घ्या, त्या दिवशी लहानग्या भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं आणि आज राज्यात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. तिथं टोक पालकांकडं वळवायचं, शाळेच्या रजिस्टरात नाव घालायला कुणीतरी बोट धरून आणतं म्हणून. एकच गोष्ट घ्या. दोन्ही घेतल्या की इतिहासाचा तास होतो.

सगळं जोडून मजकूर असा होईल, नावांच्या जागी आपापली नावं घाला:

"नमस्कार!

आजच्या कार्यक्रमाचे नियोजित अध्यक्ष माननीय अमुक, प्रमुख पाहुणे माननीय अमुक, आपल्या गावच्या सरपंच माननीय अमुक ताई, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष माननीय अमुक, केंद्रप्रमुख माननीय अमुक साहेब आणि आमचे मुख्याध्यापक माननीय अमुक सर, आपलं सगळ्यांचं स्वागत.

समोर बसलेले आजी-आजोबा, नातवंडाला बघायला तुम्ही थंडीत आलात, तुम्हाला नमस्कार. दिवसभर कामं उरकून आलेल्या सगळ्या आया आणि ताई, तुमचं स्वागत. मागं उभे असलेले सगळे दादा, पुढं या, पोरं तुम्हालाच शोधतायत. आमचे सगळे शिक्षक, रोज गरम खिचडी देणाऱ्या मावशी आणि शिपाईमामा, शाळेचे माजी विद्यार्थी, यंदा बाहेरगावाहून आपल्या शाळेत आलेली मुलं आणि त्यांचे आईवडील, सगळ्यांचं स्वागत. आणि पुढं बसलेल्या वाघ, ससे, मावळे आणि पऱ्यांनो, तुमचं तर सगळ्यात जास्त!

१८४३ साली आपल्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. तेव्हा पण पडद्यामागं कुणीतरी घाबरलेलं असणारच. आज आपल्या पडद्यामागं पहिलीतला एक वाघ तसाच घाबरलाय. तो स्टेजवर आला की डरकाळी विसरेल कदाचित, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवा."

एवढंच. "मागं उभे असलेले दादा" या ओळीला हसू येतं, तिथं थांबायला विसरू नका, हसू संपायच्या आत पुढचं वाक्य टाकलं की ते वाया जातं.

बोलताना पहिल्या नमस्काराला मुद्दाम काही महत्त्वाचं ठेवलेलं नाही, कारण तेव्हा लोक अजून खुर्च्या सरकवत असतात आणि साऊंडवाला आवाज लावत असतो. नमस्कार म्हणा, मनात तीन मोजा, मग अध्यक्षांचं नाव. माईक तोंडापासून चार बोटं लांब, आणि शिट्टी यायला लागली तर त्यावर हात झाकू नका, त्यानं शिट्टी वाढते, स्पीकरसमोरनं बाजूला सरका. आपलं गणित बिघडतंय हे सतरंजीकडं बघून कळतं. पोरं एकमेकांच्या मिशा ओढायला लागली म्हणजे नावांची यादी लांबलीय, उरलेलं "व्यासपीठावरील सर्व मान्यवर" म्हणून आवरा आणि थेट आजी-आजोबांवर या. मागनं गलका वाढला तर आवाज चढवू नका, उलट थांबा, दोन सेकंदात मागचेच एकमेकांना गप बसवतात.

नावांचा कागद मोबाईलवर ठेवू नका, नेमका तेव्हाच कुणाचा तरी फोन येतो. जाड कार्डावर मोठ्या अक्षरात, एका ओळीत एकच नाव. स्वागत झालं की "दोन शब्द संपवते, जय हिंद" वगैरे ताणत बसायचं नाही, माईक सूत्रसंचालकाकडं द्यायचा आणि ते कार्ड, चिठ्ठीवरची वाढीव नावं पेनानं लिहून, आभार मानणाऱ्याच्या हातात द्यायचं, कारण शेवटी त्यालाही हीच नावं याच क्रमानं घ्यायची असतात.