मार्कशीटवर नाव चुकलंय? आधी स्कॉलर रजिस्टर बघा

दहावीच्या मार्कशीटवर नावातलं एखादं अक्षर गळलं असेल, तर कोर्टाबाहेरच्या नोटरीकडे धावू नका. आधी शाळेत जा आणि स्कॉलर रजिस्टरमधली तुमची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. माझी शाळा इंदूरचीच, बोर्ड सीबीएसई. इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘ए’ गायब होता. आईने भरलेल्या प्रवेश अर्जात नाव बरोबर, रजिस्टरमध्येही बरोबर. चूक झाली ती शाळेने बोर्डाला पाठवलेल्या परीक्षार्थींच्या यादीत. म्हणजे काम सोपं होतं. तरी ते लांबलं, आणि त्याचं कारण एक शपथपत्र.

नोटरीकडे नाव बदलण्याचा तयार मसुदा असतो. त्यात लिहिलेलं असतं की मी माझं जुनं नाव सोडून नवं नाव धारण केलं आहे. फक्त नावं भरायची, स्टॅम्प मारायचा, वर ‘हो जाएगा’ असा दिलासा. त्यावर माझी सही झाली आणि छापील चुकीचं नाव माझ्याच शब्दांत माझं ‘जुनं नाव’ ठरलं! शाळेचा कागद म्हणतो नाव पहिल्यापासून बरोबर, शपथपत्र म्हणतं मी ते बदललं. दोन्ही एका फायलीत गेल्यावर ती परत येणारच. बोर्डाच्या लेखी शाळेच्या नोंदीशी नाव जुळवून देणं ही दुरुस्ती, आणि नवं नाव घेणं हा बदल. दोन्हींची कागदपत्रं वेगळी. शपथपत्र मागितलंच तर त्यात एवढंच हवं: माझं नाव जन्मापासून हेच आहे, शाळेच्या नोंदीतही हेच आहे, मार्कशीटवर ते चुकून वेगळं छापलं गेलं. वर्तमानपत्रातली जाहिरात, राजपत्र यांची अशा चुकीसाठी गरज नाही. शपथपत्र, जाहिरात आणि राजपत्र हे तिन्ही एकत्र ‘पॅकेज’मध्ये विकणाऱ्या दलालांवर माझा राग आहे आणि तो जाणार नाही.

तर शाळेकडून काय घ्यायचं? प्रवेश अर्जाची प्रत, रजिस्टरच्या त्या पानाची प्रत, आधीच्या शाळेतून आला असाल तर तिथला टीसी, सगळ्यावर प्राचार्यांची सही-शिक्का. रजिस्टरमध्ये खाडाखोड दिसली तर तिथेच थांबा. शाळेतले बाबूजी मदत म्हणून ‘आत्ता नीट करून देतो’ म्हणतील, नको म्हणा. नंतरच्या शाईतला फेरफार तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा संशयास्पद करून टाकतो. अर्ज शाळेमार्फत जातो. मध्य प्रदेशासाठी सीबीएसईचं प्रादेशिक कार्यालय भोपाळला आहे.

रजिस्टरच चुकीचं निघालं तर? घाबरू नका, वाट आहे. जिज्ञा यादव विरुद्ध सीबीएसई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ ला सांगितलं की शाळेच्या नोंदीशी जुळवणारी दुरुस्ती बोर्डाने नाकारू नये, आणि जन्मदाखल्यासारख्या सार्वजनिक दस्तऐवजाच्या आधारेही बदल मागता येतो. स्वखुशीने घेतलेल्या नव्या नावाला मात्र न्यायालयाची परवानगी आणि राजपत्र लागतं. बोर्ड वाजवी मुदत घालू शकतं, म्हणून उशीर करू नका. आमच्याकडे लग्न ठरेपर्यंत किंवा पासपोर्टची वेळ येईपर्यंत मार्कशीट फायलीतून बाहेरच येत नाही.

जन्मतारखेची गोष्ट जास्त कडक. तिथे जन्मदाखल्यावरची नोंदणीची तारीख आधी बघा. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दहावीनंतर काढलेला, उशिरा नोंदवलेला दाखला घेऊन गेलात तर प्रश्न विचारले जाणारच, आणि ते विचारणं चूकही नाही. अशा वेळी पहिल्या शाळेच्या प्रवेशाची नोंद शोधा. ती जितकी जुनी तितकी कामाची.

एक क्रम मोडू नका: आधी दहावी, मग बारावी, मग विद्यापीठ. बारावीत नाव दहावीवरूनच येतं. पदवी आधी दुरुस्त करायला गेलात तर देवी अहिल्या विद्यापीठ असो की दुसरं कुठलं, खिडकीवर दहावीची मार्कशीटच मागतील. अर्जासोबत मूळ मार्कशीट जमा करावी लागते, त्यामुळे त्याआधी तिच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. त्या काळात कुठे प्रवेश घ्यायचा असेल तर त्याच चालवाव्या लागतात.

आणि कुणी म्हणालं, ‘एवढा खटाटोप कशाला, आधारच मार्कशीटप्रमाणे करून टाक’, तर ऐकू नका, सांगणारे क्लासचे सर असले तरी. आधारमध्ये नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. शिवाय जन्मदाखल्याशी जुळणारं आधार हा तुमच्या बाजूचा कागद आहे. मार्कशीट दुरुस्त होऊन हातात येईपर्यंत तो आहे तसाच राहू द्या.