केबल जोडली की स्पीकर घुमतो: दोष नेमका कुठला, ते असं शोधा

ठाण्याला बहिणीकडे नवा ॲम्प्लिफायर आला आणि त्याच संध्याकाळी स्पीकरमधून बारीक, एकसुरी 'घुंऽऽ' सुरू झाली. चॅनल बदला, आवाज बंद करा, घुमणं तसंच. दुकानदाराने ॲम्प्लिफायर बदलून दिला, तरी फरक नाही. दोष त्याच्यात नव्हताच, तो केबलच्या वायरीतून येत होता.

असं का होतं, ते आधी पाहू. केबलच्या मधल्या तांब्याच्या तारेभोवती धातूची जाळी असते. ही जाळी जिन्यातल्या केबलवाल्याच्या ॲम्प्लिफायरपर्यंत जाते आणि तिकडे कुठेतरी जमिनीशी जोडलेली असते. तुमच्या ॲम्प्लिफायरचा तीन पिनांचा प्लग घरच्या अर्थिंगशी जोडलेला असतो. या दोन जमिनींमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. सेट-टॉप बॉक्स, टीव्ही आणि लाल-पांढऱ्या ऑडिओ वायरीतून दोन्ही जोडल्या गेल्या की वर्तुळ पुरं होतं आणि वायरीच्या जाळीतून ५० हर्ट्‌झचा प्रवाह वाहू लागतो. ऑडिओ सिग्नलचा परतीचा रस्ताही तीच जाळी असते, म्हणून तो प्रवाह आवाजात मिसळतो.

यावरून एक गोष्ट लगेच कळते. टीव्ही आणि बॉक्स दोन्ही दोन पिनांचे असतील आणि घुमणं टीव्हीच्याच स्पीकरमधून येत असेल, तर अर्थिंगचं वर्तुळ बहुधा नाही. आधी बॉक्सचा ॲडाप्टर बदलून पाहा.

तपासायला सुरुवात ॲम्प्लिफायरपासून करा. मागच्या सगळ्या ऑडिओ वायरी काढून तो एकटाच चालू करा. तरीही घुमला तर दोष त्याचाच. गप्प असेल तर तो बंद करून वायरी परत लावा आणि केबलकडे वळा.

केबलच्या टोकाला हात लावण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून केबलचा बाहेरचा धातू आणि भिंतीतल्या सॉकेटची अर्थिंग यांच्यातला फरक मोजा. सॉकेटमध्ये मीटरची पिन घालायची सवय नसेल, तर हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. एखाद-दोन व्होल्ट दिसले तर घाबरू नका. दहा-वीस किंवा त्याहून जास्त दिसले तर मात्र पुढची तपासणी थांबवा. केबलमध्ये कुठूनतरी वीज उतरत असेल किंवा तुमची अर्थिंगच तुटलेली असेल. केबलवाला आणि इलेक्ट्रिशियन दोघांना बोलवा.

आकडा लहान असेल तर सगळं बंद करून बॉक्समागची केबल पेच फिरवून सोडवा आणि पुन्हा सगळं चालू करा. चित्र येणार नाही, पण आपल्याला फक्त घुमणं ऐकायचंय. बहिणीकडे एकदम शांतता झाली. मग मी केबल प्लॅस्टिकच्या भागाला धरून तिची बाहेरची कडी तेवढी बॉक्सच्या पेचाला टेकवली. मधली तार आत गेलेली नव्हती, म्हणजे सिग्नल नव्हता, तरी घुमणं परत आलं. उचलली की बंद. आवाज सिग्नलमधून नाही, जाळीतून येतोय, याचा याहून चांगला पुरावा नाही.

केबल काढूनही घुमत राहिलं तर मागे लागलेली बाकीची उपकरणं एकेक करून सोडवा. तीन पिनांचा काँप्युटर लावलेला असेल तर तोच बहुधा सापडतो.

उपाय म्हणजे केबलवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लावणं. दोन्ही बाजूंना केबलचे पेच असलेली ही छोटी नळी सिग्नल जाऊ देते, पण ५० हर्ट्‌झला अडवते. ती बॉक्सजवळ लावा. मात्र घरात स्प्लिटर असून दुसरा टीव्ही किंवा केबलचा मोडेमही असेल, तर ती स्प्लिटरच्या आधी, केबल घरात शिरते तिथे लागते, नाहीतर दुसऱ्या वाटेने वर्तुळ पुन्हा जुळतं. मोडेम असेल तर ५ मेगाहर्ट्‌झपासून चालणारी मागा. छतावरच्या डिशला मात्र ही नळी लावू नका. डिशला याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातात, ते अडतील आणि चॅनल जातील.

टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट आणि ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असेल तर त्याहून सोपा मार्ग आहे: ऑडिओ वायर काढून ऑप्टिकल केबल लावा. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे त्या वाटेने विजेचं वर्तुळ जुळतच नाही.

आणखी एक 'उपाय' सर्रास केला जातो: ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकणं. घुमणं थांबतंही. पण आत कधी फेज बॉडीला टेकला तर ती वीज जाळीतून टीव्ही, बॉक्स आणि केबलच्या वायरीत उतरेल आणि हात लावणाऱ्याला झटका बसेल. मी नळी घेऊन येईपर्यंत बहिणीकडेही कुणीतरी ती पिन कापून ठेवली होती. मी आधी नवा प्लग बसवला, मगच नळी लावली.