मध्येच शाळा बदलली, क्लासचे हप्ते थांबवताय? या चुका टाळा

नोव्हेंबरात बदली होते, मुलीला पुण्याहून नाशिकच्या शाळेत प्रवेश मिळतो आणि पुण्यातला क्लास सुटतो. हप्ता मात्र सुटत नाही, कारण क्लासला कळवणं आणि बँकेतून जाणारे पैसे थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत. बहुतेक पालक यातलं एकच करतात.

मेसेज लिहिण्याआधी प्रवेश अर्ज आणि पहिली पावती काढा. तुम्ही 'महिन्याची फी' भरत होता की 'वर्षाची फी हप्त्यांनी', हे त्यावर असतं. समजा वर्षाची फी 36,000 रुपये, जून ते मार्च असे 3,600 चे दहा हप्ते. नोव्हेंबरपर्यंत सहा हप्ते, म्हणजे 21,600 रुपये भरले. उरलेले 14,400 पुढच्या शिकवणीचे आहेत असं तुम्ही समजता, तर क्लास म्हणतो की ते प्रवेशाच्या दिवशीच ठरलेलं देणं आहे. वाद होतो तो इथेच. अर्जात एक महिन्याच्या पूर्वसूचनेची अट असेल तर तो महिना मेसेजच्या तारखेपासून मोजला जातो. म्हणून मुलगी 14 नोव्हेंबरला क्लास सोडणार असेल आणि कळवणं 3 डिसेंबरला झालं, तर डिसेंबरच्या हप्त्यावर क्लासचा दावा भक्कम होतो.

दुसरी चूक शब्दांची. 'बहुतेक पुढच्या महिन्यापासून येणार नाही, जमल्यास फी थांबवा' यात तारीखही नाही आणि निर्णयही नाही. क्लास सोडतोय हे कळवायचं असतं, त्याची परवानगी मागायची नसते. विनंती करायचीच तर ती परताव्यासाठी. शिकवण्याबद्दलच्या तक्रारी यात घालू नका, उत्तर त्यांच्याभोवतीच फिरत राहतं. मेसेज एवढा पुरे:

'नमस्कार सर, माझी मुलगी (नाव, इयत्ता 9 वी, बॅच, पावती क्र.) हिने शाळा बदलली असून 14 नोव्हेंबर हा तिचा क्लासचा शेवटचा दिवस आहे. जून ते नोव्हेंबरचे सहा हप्ते, एकूण 21,600 रुपये, भरले आहेत. डिसेंबरपासूनचे हप्ते घेऊ नयेत, ऑटोपे रद्द करावा आणि आमचे पुढच्या तारखांचे चेक (क्रमांक...) परत द्यावेत. काही बाकी निघत असेल तर हिशेब 21 नोव्हेंबरपर्यंत लेखी कळवावा.'

हा मेसेज पालकांच्या ग्रुपवर किंवा शिकवणाऱ्या सरांना नको. पावतीवर छापलेल्या ऑफिसच्या नंबरवर आणि ईमेलवर पाठवा. फोनवर बोलणं झालं तरी त्यानंतर हाच मजकूर पाठवा. शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत जोडायची गरज नाही. मागितलीच तर आधार क्रमांक झाकून द्या.

आता बँकेकडे वळा. यूपीआय ऑटोपे असेल तर ज्या अ‍ॅपमधून मंजुरी दिली त्याच अ‍ॅपच्या ऑटोपे विभागात जाऊन ती स्वतः रद्द करा. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते, पण तिची वाट पाहू नका. नाच मँडेट, म्हणजे खात्यातून दरमहा हप्ता कापायला बँकेला दिलेली मंजुरी असेल, तर नेटबँकिंगमधून किंवा शाखेत अर्ज देऊन ते रद्द करा. स्टेटमेंटमध्ये किंवा मँडेटच्या तपशिलात त्याचा यूएमआरएन क्रमांक सापडतो. याला वेळ लागू शकतो, म्हणून हप्त्याच्या आठवडाभर आधी अर्ज द्या.

सगळ्यात महाग चूक म्हणजे खातं रिकामं ठेवून हप्ता परत जाऊ देणं. बँक दंड लावते, तो वेगळाच. चेक न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम 138 आणि शिल्लक नसल्याने नाचचा हप्ता परत गेल्यास पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट, 2007 चं कलम 25 पुढे येऊ शकतं, म्हणजे फौजदारी तक्रार होऊ शकते. चेकला 'स्टॉप पेमेंट' दिल्यानेही 138 आपोआप टळत नाही. देणं खरंच बाकी होतं का, हा प्रश्न उरतोच. म्हणून बँकेला सांगण्याआधी वरचा मेसेज गेलेला असावा.

फी एखाद्या वित्तसंस्थेच्या कर्जातून गेली असेल, तर गोष्ट वेगळी. क्लासला पूर्ण रक्कम आधीच मिळालेली असते आणि तुमचा हप्ता त्या कंपनीला जातो. तो थांबवला तर क्रेडिट स्कोअर तुमचा पडतो. अशा वेळी क्लासने कंपनीला रक्कम परत करून कर्ज बंद करावं, असं दोघांनाही एकाच ईमेलमध्ये लिहा आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र हाती येईपर्यंत हप्ते भरा.

'पूर्ण वर्षाची फी द्यावीच लागेल' असं उत्तर आलं, तर ती अट अर्जात नेमकी कुठे आहे ते लेखी मागा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच कोचिंग सोडलं तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात 10 दिवसांत परत द्यायची असते. त्या 50 हून अधिक विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत आणि त्यांची अंमलबजावणी राज्यांवर अवलंबून आहे. पण न शिकवलेल्या महिन्यांचे पैसे मागता येत नाहीत, या मुद्द्याला त्यांचा आधार घेता येतो. तरीही अडलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. अर्ज, पावत्या आणि तारखेसह मेसेजचा स्क्रीनशॉट तेव्हा हाताशी ठेवा.