द्राक्षांची पेटी उघडण्याआधी आणि उघडल्यावर

विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिककडची द्राक्षे आठवडी बाजारापर्यंत येतात. शीतगृहातली थंड पेटी दुपारच्या उन्हात लगेच उघडल्यास मण्यांवर दव धरते, आणि करडी बुरशी नेमकी अशा ओलीवरच फोफावते. म्हणून पेटी प्रथम सावलीत, झाकण न काढता ठेवावी. उघडण्यापूर्वी स्वच्छ पुसलेली लहान कात्री, कोरडा कपडा, कागद पसरलेली रिकामी टोपली आणि टाकाऊ मालासाठी वेगळी पिशवी जवळ ठेवावी.

मण्यांवरची पांढरट, भुकटीसारखी झाक ही बुरशी नव्हे. ती सगळीकडे सारखी असते आणि बोटाने पुसली जाते. करडी बुरशी मात्र देठाजवळ किंवा तडकलेल्या सालीवर राखाडी, केसाळ पुंजक्याने दिसते. तिच्या आधीची खूण अधिक कामाची आहे: मणी तपकिरी पडतो आणि अंगठ्याने हलके दाबताच त्याची साल गरापासून सरकते. असा मणी आज टाकला नाही, तर शेजारचे मणी हातचे जातात, कारण ही बुरशी शून्य अंशाच्या आसपासही थांबत नाही, फक्त मंदावते. म्हणूनच फ्रिजवर भिस्त ठेवू नये.

सुरकुतणे हा वेगळा प्रकार आहे. पाणी उडाल्याने आधी देठ तपकिरी व ठिसूळ होतो, नंतर मणी आक्रसतो. तो कोरडा, चिवट आणि गोड वासाचा असेल तर खाण्यास हरकत नाही. असे घड वेगळे काढून त्याच दिवशी संपवावेत.

आता पाच किलोची, अर्ध्या अर्ध्या किलोच्या दहा घडांची पेटी घेऊ. एका घडाच्या पोटात चार मणी बुरसलेले आहेत. ते आणि त्यांना चिकटलेले सर्व मिळून सुमारे पंचवीस मणी कात्रीने देठासह कापावेत. ओढून तोडल्यास मण्याला ओली जखम राहते. त्या घडाला टेकलेल्या दुसऱ्या घडातले तीन मणी साल सोडत असल्यास, लगतच्या मण्यांसह दहा मणी काढावेत. मणी सुमारे पाच ग्रॅमचा धरल्यास एकूण पावणेदोनशे ग्रॅम माल जातो, बाकी वाचतो. मात्र आतल्या फांद्यांवर बुरशी पसरलेली असेल, घडाला कुबट वास येत असेल किंवा एक तृतीयांशाहून अधिक मणी नासलेले असतील, तर कापत बसण्यापेक्षा संपूर्ण घड टाकावा, असे माझे मत आहे. स्ट्रॉबेरीसारख्या मऊ फळांत बुरशीचे धागे न दिसता आत शिरतात, त्यामुळे डाग कापून उरलेले फळ ठेवू नये.

राखलेले घड धुऊ नयेत; धुणे खाण्याच्या वेळी करावे. टाकाऊ माल जनावरांपुढे न घालता साठवणीपासून दूर खड्ड्यात पुरावा, आणि कात्री पुसूनच पुढच्या पेटीला हात लावावा.