हॉटकीने ऑर्डर टाकताना: F1, F2 आणि मधला Enter

फोर्टच्या डीलिंग रूममध्ये नवीन आलेल्या मुलाला हमखास सांगितलं जातं, "कन्फर्मेशनची खिडकी बंद कर, वेळ वाचतो." हा सल्ला ऐकू नका. पण नुसत्या त्या खिडकीच्या भरवशावरही राहू नका.

कीज सोप्या आहेत. ओडिनसारख्या टर्मिनलवर F1 खरेदी, F2 विक्री, F3 ऑर्डर बुक, F8 ट्रेड बुक. तुमच्या टर्मिनलवर वेगळ्या असतील तर सेटिंगमध्ये यादी मिळेल.

मला जड गेलं ते पुढचं. F1 दाबल्यावर कर्सर कुठल्या चौकटीत उभा राहतो? बहुतेक घोळ इथेच होतात. समजा शेअर ८१२ रुपयांना चालू आहे आणि तुम्हाला १०० घ्यायचे आहेत. कर्सर भावावर आहे असं समजून तुम्ही ८१२ टाइप करता, पण तो असतो क्वांटिटीवर. Enter दाबलं की कन्फर्मेशन येतं आणि सवयीने बोट पुन्हा Enter वर पडतं. ८१,२०० रुपयांच्या जागी ६,५९,३४४ रुपयांची ऑर्डर बाजारात गेलेली असते. खिडकी उघडली होती, वाचली कोणी नाही.

म्हणून खरं कुलूप लावायचं ते मर्यादेचं. एका ऑर्डरची कमाल क्वांटिटी आणि कमाल रक्कम, दोन्ही भरा. वरच्या उदाहरणात रकमेची मर्यादा एक लाख असती, तर योग्य ऑर्डर गेली असती आणि चुकीची रिजेक्ट झाली असती. तुमच्या टर्मिनलवर ही सोय नसेल तर ब्रोकरच्या रिस्क विभागाकडून मर्यादा लावून घ्या. रोजच्या सौद्यापेक्षा जेमतेम थोडी वर ठेवा. दहापट ठेवलेली मर्यादा काहीच अडवत नाही. डीफॉल्ट क्वांटिटी १ आणि ऑर्डरचा प्रकार लिमिट ठेवा. मार्केट ऑर्डरला हॉटकी देऊच नका, या बाबतीत मी ठाम आहे. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एका ब्रोकरकडून गेलेल्या चुकीच्या ऑर्डरींनी निफ्टी काही क्षणांत सुमारे ९०० अंकांनी कोसळला होता. ब्रोकरची मोठी डीलिंग रूमही यातून सुटली नाही.

चाचणी सकाळी ९:१५ च्या गर्दीत नको, दुपारी करा. एकच शेअर, चालू भावाच्या चार-पाच टक्के खाली, लिमिट खरेदी. F3 मध्ये ती पेंडिंग दिसली की रद्द करा. मग मर्यादेहून मोठी ऑर्डर त्याच खालच्या भावाने मुद्दाम टाका. ती रिजेक्ट व्हायलाच हवी. पेंडिंग राहिली तर लगेच रद्द करा. मर्यादा लागलेलीच नाही.

शेवटचं, विक्रीबद्दल. F2 नंतर स्क्रीन अडकली तर दुसऱ्यांदा दाबू नका. पहिली ऑर्डर गेलेली असेल तर इंट्राडेमध्ये दुसरी तुम्हाला शॉर्ट करून ठेवते. आधी F3 आणि F8 पाहा. दोन्हीही उघडत नसतील तर ब्रोकरच्या डीलिंग डेस्कला फोन करून ऑर्डरची स्थिती विचारा.