जुन्या फोटोच्या कोपऱ्यातली नारिंगी तारीख काढताना: रिटचिंग नव्याने शिकणाऱ्यांसाठी

हीलिंग ब्रश आधी बाजूला ठेवा. तारीख काढायचा फोटो पहिल्यांदा हातात आला की प्रत्येक जण तेच उचलतो, मीही तेच करायचे. गवतावर किंवा आकाशावर तारीख असेल तर निभावतंही. पण तारीख चेहऱ्यावर, कपड्याच्या नक्षीवर किंवा फरशीच्या रेघांवर आली की ब्रश फिरवून फिरवून तिथे एक तपकिरी डाग उरतो, आणि तो आपल्याला सोडून सगळ्यांना दिसतो.

लेयर, मास्क आणि कर्व्ज तुम्हाला येतात असं धरून पुढे लिहिते. तेवढं येत नसेल तर आधी ते शिका, हा फोटो कुठे पळून जात नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ही तारीख शाईने छापलेली नसते, ती प्रकाशाने उमटलेली असते. अनेक कॅमेऱ्यांत मागच्या झाकणात एक छोटा दिवा आणि आकड्यांची पट्टी असायची, आणि फोटो काढला की त्या आकड्यांचा प्रकाश फिल्मवर मागच्या बाजूने पडायचा. रंगीत फिल्मचे थर एकावर एक असतात. निळ्या प्रकाशाला दाद देणारा थर सगळ्यात वर, मग हिरव्याचा, आणि लाल प्रकाशाचा सगळ्यात खाली, म्हणजे पाठीला चिकटून. मागून येणारा, मुळातच तांबूस असलेला प्रकाश आधी लाल थरावर आदळतो, हिरव्यावर थोडा पोचतो आणि निळ्यापर्यंत जेमतेम. प्रिंटवर तारीख नारिंगी दिसते ती यामुळेच.

म्हणून ‘निगेटिव्ह मिळवा, त्यावर तारीख नसेल’ हा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. तारीख निगेटिव्हवरच असते. निगेटिव्हचा स्कॅन प्रिंटपेक्षा चांगला मिळू शकतो हे खरं, पण तारखेतून सुटका नाही. स्कॅनरच्या धूळ काढणाऱ्या इन्फ्रारेड सोयीचाही इथे उपयोग नाही. ती सोय धूळ आणि ओरखडे ओळखते. फिल्ममधले रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात आणि तारीखही रंगातच उमटलेली असते.

या सगळ्यातून कामाची गोष्ट एवढीच निघते की आकड्यांखालचं चित्र बऱ्याचदा पुसलं गेलेलं नसतं. लाल चॅनेलमध्ये ते गाडलं जातं, हिरव्यात अर्धवट दिसतं आणि निळ्यात जवळपास जसंच्या तसं असतं. फोटो उघडा, चॅनेल पॅनेलमध्ये फक्त निळा चॅनेल चालू ठेवा, कोपरा २०० टक्क्यांवर आणा आणि तारीख वाचता येते का बघा. वाचता आली नाही तर निम्मं काम झालं. या एका तपासणीला मिनिटही लागत नाही, तरी ती न करता तासभर ब्रश घासणारे लोक मी पाहिलेत.

स्कॅन मात्र नीट हवा. जेपीईजीमध्ये बहुतेकदा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते. त्यामुळे नारिंगी शेजारच्या पिक्सेलमध्ये झिरपतो आणि स्वच्छ असायला हवा त्या निळ्या चॅनेलमध्येही आकड्यांची सावली येते. शक्य असेल तर १६ बिट टिफ घ्या, शार्पनिंग आणि रंग खुलवणाऱ्या सगळ्या सोयी बंद ठेवून. निळ्या चॅनेलमध्ये आकडे उलट काळे दिसत असतील, तर नारिंगी इतका गडद आहे की रंग बदलताना निळ्याचं मूल्य शून्यावर आपटलंय. अशा वेळी पुन्हा स्कॅन करा, या वेळी अॅडोबी आरजीबीसारख्या मोठ्या रंगावकाशात. शून्यावर गेलेलं कुठल्याही कर्व्जने परत येत नाही.

आता तो सापळा. यात मी इतकी अडकले होते की इथे जरा जास्तच बोलेन, सहन करा.

डोळ्यांना जे आकडे दिसतात तेवढीच तारीख नसते. दिव्याचा प्रकाश फिल्ममध्ये आजूबाजूला पसरतो, त्यामुळे प्रत्येक आकड्याभोवती एक वलय असतं. चारही बाजूंना पसरलेलं, बाहेर जाता जाता विरत जाणारं. पूर्ण रंगात ते दिसत नाही, फार तर थोडी ऊब जाणवते. लाल चॅनेल एकटा बघितला की ते ढगासारखं समोर येतं. दोन आकड्यांच्या मधली जागा, जी आपण चांगली समजून सोडून देतो, तीही या ढगात असते.

हीलिंग ब्रशची गंमत अशी की तो पोत दुसरीकडून आणतो, पण रंग आणि उजेड आपण रंगवलेल्या भागाच्या कडेवरून घेतो. तुम्ही आकड्याला चिकटून ब्रश फिरवलात तर ती कड वलयात पडते, आणि ब्रश इमानेइतबारे तोच तांबूसपणा आत ओढून आणतो. आकडा गेला, डाग राहिला. मग तुम्ही थोडा मोठा ब्रश घेता, आता कड वलयाच्या फिकट भागात पडते, डाग फिकट होतो पण पसरतो. आणखी मोठा घेतला की खरी नक्षी खाल्ली जाते. हात वाईट नसतो, कड चुकीच्या जागी असते.

वलय पकडायचं असेल तर सगळ्यात वर एक तात्पुरता ह्यू-सॅच्युरेशन लेयर टाका आणि सॅच्युरेशन ६० ते ८० वर न्या. लपलेला सगळा नारिंगी ओरडून उठतो. काम संपल्यावर हाच लेयर पुन्हा चालू करून बघायचं आणि मग काढून टाकायचा. मोठं करून पाहिलं तसं २५ टक्क्यांवरही पाहा. मोठा पण फिका डाग लांबूनच लवकर दिसतो.

आता एक उदाहरण. पोस्टकार्डाच्या आकाराचा प्रिंट, ६०० डीपीआयवर स्कॅन केलेला, तारीख ’९४ ८ १४. डावीकडचे आकडे गवतावर आणि उजवीकडचे एका मुलीच्या पट्ट्यांच्या फ्रॉकवर. दिसणारी रेघ साधारण ९ पिक्सेल जाड होती, आणि लाल चॅनेलमध्ये वलय तिच्या दोन्ही बाजूंना १२ पिक्सेलच्या आसपास जात होतं. मी आकड्यांचे आकार कोरत बसले नाही. सगळ्या तारखेवर वलयासकट एकच पट्टा निवडला आणि कड ४ पिक्सेलने मऊ केली. निळा चॅनेल खरा असल्यामुळे इथे मास्क सढळ ठेवायला फारसा तोटा नसतो, आणि ब्रशपेक्षा ही पद्धत वेगळी ठरते ती इथेच.

त्या मास्कवर चॅनेल मिक्सर. लाल आउटपुटमध्ये लाल ०, हिरवा ०, निळा १००. हिरव्या आउटपुटमध्येही तसंच. निळ्या आउटपुटला हात लावायचा नाही. आता पट्ट्यात करडं चित्र दिसतं, तारीख गायब, गवताची पाती आणि फ्रॉकचे पट्टे जागच्या जागी. फक्त रंग नाही.

रंग परत आणायला वलयाच्या बाहेर, स्वच्छ जागी, नमुने घ्या. ड्रॉपर ५ बाय ५ च्या सरासरीवर ठेवा. फ्रॉकच्या पांढऱ्या पट्ट्यावर लाल २१४, हिरवा २०५, निळा १८८ आला. निळ्या पट्ट्यावर लाल ७४, हिरवा ९२, निळा १२८. मिक्सरच्या वर कर्व्ज लेयर घेतला, मास्क फक्त फ्रॉकच्या भागापुरता. लाल कर्व्हमध्ये दोन बिंदू: १८८ चे २१४ आणि १२८ चे ७४. हिरव्यात १८८ चे २०५ आणि १२८ चे ९२. निळा तसाच. फ्रॉक रंगात आला आणि निवडलेल्या पट्ट्याची कड शोधून सापडेना.

गवताला वेगळा कर्व्ज लेयर आणि वेगळा मास्क. फ्रॉकमधला निळा आणि लाल यांचं जे नातं आहे ते गवतात नसतं, त्यामुळे जेवढ्या वस्तू तितके कर्व्ज. हे कंटाळवाणं आहे. एका कर्व्जमध्ये सगळं बसवायचा हट्ट केलात तर गवत जांभळट होईल.

शेवटी ग्रेन. फ्रॉकच्या लाल कर्व्हमध्ये ६० पायऱ्यांची जागा १४० पायऱ्यांवर ताणली, त्याबरोबर निळ्या चॅनेलचा ग्रेनही दुपटीहून जास्त ताणला गेला. त्यात निळा चॅनेल बहुतेक स्कॅनमध्ये मुळातच खरखरीत असतो. तेवढ्या पट्ट्यात हलकं नॉइज रिडक्शन करा, शेजारच्या भागाशी ताडून बघा, फार गुळगुळीत झालं तर थोडा ग्रेन परत टाका. इथे पाच-दहा मिनिटं जातात, जाऊ द्या.

काही फोटोंत हे चालत नाही. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर दिव्याचा प्रकाश जोरात पडला असेल तर आकड्यांचा गाभा पिवळट-पांढरा झालेला असतो, म्हणजे निळा थरही गेला. तिथे वलय वरच्या पद्धतीने काढा आणि उरलेला बारीक गाभा हीलिंग ब्रशने. आता ब्रशची कड स्वच्छ जागेवर पडते, त्यामुळे तो शहाण्यासारखा वागतो. तुमचं काही चुकलंय असं तेव्हा समजू नका, फिल्मवरच तिथे काही उरलेलं नसतं.

‘कोपरा कापून टाक’ म्हणणारे वरिष्ठ तुम्हाला भेटतीलच. कधीकधी ते बरोबरही असतात, पण पाय कापून टाकलेला फोटो मला बघवत नाही. शिकायचं असेल तर आधी-नंतरची चित्रं दाखवणाऱ्याकडे न जाता लेयर असलेली फाइल उघडून दाखवणाऱ्याकडे जा. लेयर दाखवायला जो कचरतो, त्याच्याकडून मी तरी काही शिकले नाही.

आणि तारीख काढण्याआधी ती लिहून ठेवा. मूळ स्कॅन वेगळा जपा आणि तारीख फाइलच्या माहितीत भरा:

```
exiftool -DateTimeOriginal="1994:08:14 00:00:00" scan.tif
```

त्याआधी घरच्यांना मात्र विचारा. बॅटरी बदलल्यावर हे कॅलेंडर मागे जायचं आणि पुन्हा लावायचं राहून जायचं. शिवाय वर्ष, महिना, दिवस यांचा क्रम कॅमेऱ्यात बदलता यायचा. ’९४ ८ १४ मध्ये गोंधळ नाही, पण ५ ८ ’९४ म्हणजे ५ ऑगस्ट की ८ मे, हे फोटोतला पाऊस किंवा ऊन बघूनच ठरवावं लागतं.