समन्स हातात पडल्यावर: तारीख एक नाही, दोन असतात

पाकीट फोडण्याआधी त्यावर आजची तारीख पेनाने लिहा आणि पाकीट फेकू नका. पुढची सगळी मुदत तुम्हाला ते कधी मिळालं यावरून मोजली जाते. पोस्टमनच्या पोचपावतीवर सही करताना तारीख घातली असेल तर दोन्हीकडे एकच तारीख हवी. पाकीट नाकारून काही साधत नाही. ‘घेण्यास नकार’ असा शेरा गेला की न्यायालय समन्स बजावलं गेलं असं धरू शकतं, आणि तुम्हाला मात्र आत काय होतं हेही कळत नाही.

आता आतला कागद कुणाचा आहे ते पाहा. वकिलाच्या लेटरहेडवर असेल, न्यायालयाचा शिक्का नसेल, तर ती नोटीस आहे. तिच्यात दिलेली मुदत बहुतेक वेळा पाठवणाऱ्याने स्वतः ठरवलेली असते. महत्त्वाचा अपवाद चेक परत गेल्याच्या नोटिशीचा. तिथे नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत चेकची पूर्ण रक्कम द्यायची मुभा कायद्यानेच दिलेली आहे. ती संपली की फौजदारी तक्रारीचा मार्ग मोकळा होतो, आणि अर्धी रक्कम भरून तो बंद होत नाही.

न्यायालयाचा शिक्का, न्यायाधीशांची किंवा अधिकाऱ्याची सही आणि दाव्याचा क्रमांक असेल तर ते समन्स. खात्री करायची असेल तर त्यावरचा 16 अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर services.ecourts.gov.in वर टाका. पक्षकारांची नावं, न्यायालय आणि पुढची तारीख तिथे दिसते. कागदावरच्या मोबाईल नंबरवर फोन करून खात्री करू नका. बनावट समन्स पाठवणारे तोच नंबर देतात.

दिवाणी दाव्याच्या समन्ससोबत वादपत्राची, म्हणजे वादीने न्यायालयात दिलेल्या लेखी मागणीची, प्रत जोडलेली असते. ती नसेल तर वकिलामार्फत न्यायालयात लगेच मागा. असेल तर आधी एकच शोधा: हा दावा साधा आहे की ‘समरी सूट’, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खालचा, झटपट चालणारा दावा? समरी सूट असेल तर समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. वसुलीचे बरेच दावे असे लावतात. ‘अजून महिना आहे’ म्हणून बसलेला माणूस इथेच फसतो.

साधा दावा असला तरी घोळ होतोच. समजा, हातउसने घेतलेल्या 3 लाखांच्या वसुलीचं समन्स 4 जूनला मिळालं आणि त्यावर हजर राहायची तारीख 28 जुलै छापली आहे. घरात सगळे कॅलेंडरवर 28 जुलैला गोल करतात. पण लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं उत्तर, देण्याची 30 दिवसांची मुदत समन्स मिळाल्यापासून धावते, म्हणजे ती 4 जुलैला संपते. न्यायालय कारण नोंदवून ही मुदत 90 दिवसांपर्यंत, म्हणजे इथे 2 सप्टेंबरपर्यंत वाढवू शकतं. कधी त्यापुढेही कैफियत दाखल करून घेतात, पण त्या भरवशावर राहणं मला शहाणपणाचं वाटत नाही. व्यापारी दावा असेल तर 120 दिवसांनंतर हा हक्कच जातो.

म्हणून पहिल्या आठवड्यातच वकील गाठा. सोबत पाकीट, समन्स, पूर्ण वादपत्र आणि तुमची कागदपत्रं न्या: बँकेचं स्टेटमेंट, पावत्या, व्यवहाराचे मेसेज. मेसेज फोनमध्येही तसेच ठेवा, प्रिंट काढून मूळ पुसू नका. त्याआधी एक काम स्वतः करा. वादपत्राचा प्रत्येक परिच्छेद वाचून समासात ‘खरं’, ‘खोटं’ किंवा ‘माहीत नाही’ लिहा. कैफियतीत जो आरोप नेमकेपणाने नाकारला नाही तो मान्य धरला जाऊ शकतो. मोघम ‘सगळं खोटं आहे’ इथे चालत नाही. वरच्या उदाहरणात पैसे घेतले होते पण 1 लाख 20 हजार ऑनलाइन परत केले असतील, तर प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम त्या परिच्छेदासमोर हवी. पैसे कधी दिले ते वादीने काय लिहिलंय तेही पाहा. अशा वसुलीला साधारण 3 वर्षांची मुदत असते.

समोरच्याला चिडून मेसेज पाठवू नका, ‘थोडं थांब, देतो’ असंही नाही. तोच मेसेज पुढे पुरावा म्हणून जोडला जातो.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा 15100 वर विचारा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नसते. अर्ज मंजूर व्हायला थोडे दिवस जातात आणि तुमची मुदत त्या काळात थांबत नाही.

तारीख उलटून गेली असेल तरी घरी बसू नका. दावा नुसता एकतर्फी चालवायचा ठरला असेल, तर योग्य कारण दाखवून पुन्हा उभं राहता येतं. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा अंतिम निकालच, झाला असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज 30 दिवसांत करावा लागतो. समन्स रीतसर मिळालंच नव्हतं असं असेल, तर हे 30 दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात, आणि तेव्हा पाकिटावर पेनाने लिहिलेली ती तारीख व पोस्टाचा शिक्का हेच दाखवायला असतात.